आकडा कमी, तरी धोका जास्त

समजा, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये पत्र्याने कामगाराचा हात कापला. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, थंडी वाजून ताप आला, धाप लागली. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ३,८००. नेहमीचे प्रमाण ४,००० ते ११,०००. घरच्यांना वाटते, आकडा वाढलेला नाही, म्हणजे जंतुसंसर्ग नसावा. इथेच घात होतो.

खरी गोष्ट काचपट्टीवर दिसते. लिशमन रंग दिलेल्या रक्तात प्रौढ न्यूट्रोफिलचे केंद्रक तीन-चार तुकड्यांत विभागलेले असते. या रुग्णाचे बरेच न्यूट्रोफिल मात्र घोड्याच्या नालासारख्या सलग केंद्रकाचे आहेत. या बँड पेशी, म्हणजे अजून अपक्व. जखमेकडे इतके न्यूट्रोफिल खर्ची पडतात की अस्थिमज्जा साठा संपवून कच्च्या पेशीही रक्तात सोडते. यालाच लेफ्ट शिफ्ट म्हणतात. बँड १० टक्क्यांवर गेले, तर सावध व्हायचे; एकूण आकडा कमी असताना तर अधिकच, कारण मज्जेला मागणी पुरवता येत नाही.

पेशींत गडद जांभळे ठिपकेही दिसतात. हे टॉक्सिक ग्रॅन्यूल जंतूंचे विष नव्हे. घाईत घडलेल्या पेशीत सुरुवातीचे कण तसेच गडद राहतात.

मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, गरोदरपण यांतही असे चित्र दिसू शकते. म्हणून नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि लॅक्टेट सोबत पाहतात. संशय दाट असेल तर ब्लड कल्चर घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. कल्चरच्या उत्तरासाठी थांबत नाहीत.