ठेचल्याशिवाय लसूण झोंबत नाही

लसणाची सोललेली पाकळी नाकाशी धरली तर वास जेमतेम येतो. तीच बत्त्याखाली गेली की मिनिटाभरात दरवळ बाहेरच्या खोलीपर्यंत पोचतो. कारण साधे आहे. झोंबणारे अ‍ॅलिसिन अख्ख्या पाकळीत जवळजवळ नसतेच. पेशीत एकीकडे अ‍ॅलिइन हे बिनवासाचे गंधकयुक्त द्रव्य असते आणि वेगळ्या कप्प्यात अ‍ॅलिइनेज नावाचे विकर. पेशी फुटली की दोघांची गाठ पडते आणि अ‍ॅलिसिन तयार होते. लसूण कुरतडायला आलेल्या किडीसाठीचा हा बंदोबस्त आपण आवडीने खातो! अ‍ॅलिसिन डिवचते ते चवीच्या कळ्यांना नव्हे, तर जळजळ ओळखणाऱ्या मज्जातंतूंना. मोहरीचा झणकाही तिथेच लागतो.

म्हणून जितक्या पेशी फुटतील तितका उग्रपणा. एकाच गड्डीतल्या तीन पाकळ्या घ्या. एक अख्खी तेलात सोडा, दुसरीचे काप करा, तिसरी ठेचून दहा मिनिटे ठेवा आणि मग दोन्ही तेलात टाका. अख्खी पाकळी मऊ, गोडसर होते. साधारण ६० अंशांच्या पुढे विकर निकामी होऊ लागते, त्यामुळे आतला कच्चा माल कच्चाच राहतो. ठेचलेलीत मात्र अ‍ॅलिसिन आधीच तयार असते. उष्णतेने तेही मोडते, पण मोडून जी गंधकी द्रव्ये उरतात, तोच आपल्या फोडणीचा वास. आमटीला खमंगपणा हवा असेल तर ठेचलेली लसूणच घ्यावी. फक्त ती तांबूस होताच पुढचे जिन्नस घालावेत. काळी पडली की कडवटपणा जात नाही.

लसूण ठेचून ठेवली की ती सौम्य होते, हा समज मात्र पहिल्या काही मिनिटांपुरता उलटा आहे; तेव्हा झोंबरेपणा वाढतच असतो. कच्च्या चटणीत तो नको असेल तर लिंबाचा रस ठेचतानाच घालावा, कारण जास्त आंबटपणात विकर काम करत नाही. ठेचून झाल्यावर पिळलेले लिंबू फक्त आंबट करते.

कांद्यात आणखी एक विकर असते. ते २००२ साली जपानी संशोधकांनी शोधले. चिरताना निघणाऱ्या द्रव्यापासून ते डोळ्यांत पाणी आणणारी वाफ बनवते. गारठ्यात विकरे मंदावतात, म्हणून फ्रिजमधला कांदा कमी रडवतो. कोशिंबिरीसाठी कांदा चिरून लगेच गार पाण्यात खळबळून निथळला की कापल्या जागेवरचा उग्र रस निघून जातो. सकाळी चिरून संध्याकाळपर्यंत ठेवलेल्या कांद्याचा वास मात्र धुऊनही पुरता जात नाही. तो कोशिंबिरीत न घालता रश्शासाठी परतायला घ्यावा. तेलावर उडून जाणारी द्रव्ये वाफेबरोबर जातात, पाणी आटते आणि कांद्यात मुळातच असलेली साखर जिभेला लागू लागते.