एका प्रत्ययाचा माग : क्षेत्रकार्याच्या प्रस्तावपत्राची मांडणी

बोलीचा अभ्यास करू इच्छिणारा पीएच.डी.चा विद्यार्थी क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वी मार्गदर्शकांना पत्र लिहितो. ‘महाड-पोलादपूर परिसरातील बोलीच्या क्रियारूपांचा अभ्यास करण्याचा मानस आहे’ एवढेच त्यात असेल, तर मार्गदर्शकाला होकारही देता येत नाही आणि नकारही. प्रस्तुत लेखात अशा पत्राचा एक कल्पित नमुना समोर ठेवून त्याची मांडणी कशी असावी, हे पाहावयाचे आहे.

नमुन्यातील विद्यार्थिनी लिहिते : “माननीय सरांस, सा. न. वि. वि. प्रमाण मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘त्याने भाकरी खाल्ली’ अशी रूपे होतात. कोकणात पुष्कळ ठिकाणी ‘खाल्लान’, ‘खाल्लीन’ असे म्हणतात. हा -न महाडपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत टिकतो काय, आणि कोणत्या रूपांत टिकतो, एवढेच मला तपासावयाचे आहे.”

येथे विषयाचा प्रश्न झाला. ‘खाल्लीन’ या रूपात -ई भाकरीचे लिंग दाखविते आणि -न खाणाऱ्याचा तृतीय पुरुष. म्हणजे क्रियापद कर्म आणि कर्ता या दोहोंशी जुळते. प्रमाण मराठीला ही रचना अपरिचित नाही. ‘तू भाकरी खाल्लीस’ यातील -स हेच कार्य द्वितीय पुरुषात करतो. तेव्हा -न हा ‘अशुद्ध’ उच्चार नसून व्यवस्थेचा भाग आहे, हे पत्रातच स्पष्ट व्हावे.

स्थळाची निवडही प्रश्नातूनच व्हावी. महाडहून वरंध घाट भोरकडे जातो, पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे आणि कशेडी घाट खेडकडे. पहिल्या दोन वाटा देशावर चढतात, तिसरी कोकणातच राहते. म्हणून महाड शहर आणि या तीन वाटांच्या पायथ्याचे एकेक गाव, अशी चार ठिकाणे विद्यार्थिनीने योजिली आहेत.

पूर्वीच्या कामाचा उल्लेख थोडक्यात पुरतो. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ मधील मराठीवरील खंडात उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची बोलीभाषांतरे आहेत, परंतु एका कथेत सर्व पुरुष, लिंगे व वचने येत नाहीत. डॉ. अ. मा. घाटगे यांनी कुडाळी (१९६५), वारली (१९६९) अशा बोलींची स्वतंत्र वर्णने दिली. महाड-पोलादपूरच्या बोलीचे तसे वर्णन आपल्या पाहण्यात नाही, असे विद्यार्थिनी नमूद करते.

आता सामग्री. कर्त्याचे तीन पुरुष व दोन वचने मिळून सहा प्रकार. कर्माची तीन लिंगे व दोन वचने मिळून सहा. छत्तीस घरांचा हा तक्ता पाच सकर्मक धातूंसाठी भरावयाचा, म्हणजे १८० वाक्ये झाली. त्याखेरीज ‘त्याने मुलीला मारले’ यासारखी वाक्ये वेगळी घ्यावीत. कर्माला -ला लागला की क्रियापद त्याच्याशी जुळत नाही. अशा वेळी -न राहतो की जातो, यावरून तो कर्माच्या जुळणीवर अवलंबून आहे की नाही ते कळेल.

खरी अडचण विचारण्यात आहे. “ ‘त्याने आंबा खाल्ला’ हे तुमच्याकडे कसे म्हणतात?” असे विचारले की माणूस बहुधा तेच वाक्य परत देतो, कारण समोर शिकलेली व्यक्ती बसलेली असते. म्हणून विद्यार्थिनी आवाज नसलेली छोटी चित्रफीत दाखवून “काय झालं?” एवढेच विचारणार आहे, आणि त्यानंतर शेतीची वा शिमग्याची एखादी हकीकत सांगावयास लावणार आहे. हकीकतीत ‘दिलान’ आणि तक्त्यात ‘दिला’ असे आढळले, तर तक्त्यावर विश्वास ठेवू नये; ती घरे दुसऱ्या बैठकीत पुन्हा भरावीत. ऐकण्यातही फसगत होते. ‘खाल्लान नाही’ येथे पुढचा न मागच्यात मिसळतो. म्हणून क्रियापद वाक्याच्या शेवटी येईल अशी वाक्येच निर्णायक मानावीत.

शेवटचा मुद्दा निवेदकांचा. प्रत्येक गावातून एकच निवेदक घेतला, तर एका वाडीची बोली साऱ्या गावाची म्हणून नोंदली जाते, आणि दोन जातींतील भेद दोन गावांतील भेद म्हणून नकाशावर चढतो. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह करावा लागला. पाणवठे वेगळे ठेवणाऱ्या गावात बोलणे एकच असेल, हे गृहीत धरता येत नाही. म्हणून चारही ठिकाणी त्याच दोन समाजांतील एक वृद्ध स्त्री व एक वृद्ध पुरुष, असे सोळा निवेदक पत्रात आहेत. मुंबईत दीर्घकाळ राहून आलेल्यांची नोंद वेगळी ठेवावयाची आहे.

पत्राचा शेवट असा आहे : “घाटाच्या पायथ्याशी -न मिळाला नाही, तर तो कोणत्या गावापर्यंत व कोणाच्या बोलण्यात मिळतो, हे सांगणे हाच माझा निष्कर्ष राहील.” ज्या पत्रात नकारार्थी उत्तराचीही अशी जागा आखलेली असते, त्यावर मार्गदर्शकाने निःशंकपणे स्वाक्षरी करावी.