‘चांगला’ शेरा आणि पंधरा दिवस

सीमा रस्ते संघटनेतले कार्यकारी अभियंता देव दत्त यांच्या १९९३-९४च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. अधीक्षक अभियंता होण्यासाठी मात्र पाचही वर्षं ‘अतिशय चांगला’ लागत होता. बाकीच्या चार वर्षांत तो होता, या एका वर्षाने बढती अडली. त्यांना हा शेरा कुणी कळवलाच नव्हता, कारण फक्त ‘प्रतिकूल’ शेरे कळवायची पद्धत होती आणि ‘चांगला’ प्रतिकूल कसा म्हणायचा? १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नावाने चांगला असलेला शेरा बढतीच्या आड येत असेल तर परिणामाने तो वाईटच. म्हणून प्रत्येक शेरा, मग तो कोणताही असो, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने यावर शिक्कामोर्तब केलं.

या निकालानंतर केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने १४ मे २००९ रोजी आदेश काढला. तेव्हापासून जुन्या ‘सीआर’ची जागा घेतलेला वार्षिक अहवाल, म्हणजे एपीएआर, पूर्ण भरून झाला की कर्मचाऱ्याला दाखवावा लागतो. ऑफिसात अजूनही सगळे त्याला सीआरच म्हणतात, ते सोडा. महत्त्वाचं हे, की अहवाल हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत निवेदन द्यायचं. नाही दिलं तर अहवाल अंतिम धरला जातो. निवेदन आलं तर सक्षम अधिकाऱ्याने तीस दिवसांत निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा आहे.

हे निवेदन कसं लिहावं, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण अशी प्रकरणं कोणत्याही आस्थापना शाखेत सापडतील. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात निवृत्तिवेतनाची प्रकरणं पाहणाऱ्या एक वरिष्ठ लिपिक आहेत. वीस वर्षं पूर्ण होत आल्यामुळे त्यांची दुसरी एमएसीपी, म्हणजे बढती न मिळताही मिळणारी वेतनवाढ, जवळ आली आहे. २५ जुलै २०१६पासून तिच्यासाठी ‘अतिशय चांगला’ हा निकष आहे. बाईंच्या अहवालात एकूण गुण आले ५.८ आणि शेरा ‘चांगला’. शिवाय एक ओळ: ‘प्रकरणे वेळेत निकाली काढत नाहीत.’

अशा वेळी पहिल्या रात्री जे पत्र लिहिलं जातं ते बहुधा फाडून टाकण्याच्या लायकीचं असतं. त्यात वीस वर्षांची निष्ठा असते, घरची अडचण असते, ‘शेजारच्या टेबलाला मात्र सात गुण’ असतात आणि साहेबांच्या मनात काय आहे याचा पक्का अंदाजही असतो. यातलं काहीच निर्णय घेणाऱ्याच्या उपयोगाचं नसतं. त्याला हातातल्या एका वर्षाच्या अहवालाकडे बघायचं असतं, आणि बहुतेक वेळा तो हे पत्र अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडेच अभिप्रायासाठी पाठवतो. म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिलंय तेच ते पहिल्यांदा बारकाईने वाचणार. आकस सिद्ध करणारा कागद हाताशी नसेल तर तो शब्द पत्रात न येणंच शहाणपणाचं.

पत्रापेक्षा आधी गणित करावं. एपीएआरमध्ये गुण दहापैकी असतात आणि तीन भागांत विभागलेले असतात: कामाची निष्पत्ती, वैयक्तिक गुण आणि कामासाठी लागणारी क्षमता. त्यांचं वजन अनुक्रमे चाळीस, तीस आणि तीस टक्के. सहा ते आठच्या आत ‘अतिशय चांगला’, चार ते सहाच्या आत ‘चांगला’. बाईंना दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात सरासरी सहा-सहा मिळाले, म्हणजे एकूणात १.८ आणि १.८. पहिल्या भागात चार बाबी होत्या: नेमून दिलेलं काम, कामाचा दर्जा, विश्लेषणाची क्षमता आणि अनपेक्षित किंवा जादा काम. त्यात पाच, सहा, सहा आणि पाच, सरासरी साडेपाच. त्याचे चाळीस टक्के २.२. बेरीज ५.८.

आता दिसतं, की सगळ्या अहवालाशी भांडायची गरजच नाही. पहिल्या आणि चौथ्या बाबीत पाचाचे सात झाले तर त्या भागाची सरासरी साडेसहा होते, एकूण गुण ६.२ होतात आणि शेरा बदलतो. योगायोगाने नव्हे, पण याच दोन बाबी अशा आहेत ज्यांचा कागद निघतो. ‘सहकाऱ्यांशी वागणूक’ किंवा ‘जबाबदारीची जाणीव’ यांना गुण कमी पडले तर ते मत आहे, आणि मताविरुद्ध मत मांडून हाती काही लागत नाही. किती प्रकरणं आली आणि किती गेली, हा मात्र मोजदादीचा विषय आहे. मोजदाद असेल तिथेच वाद घालावा, असं मी म्हणेन. बाकीच्या भागांबद्दल अवाक्षर काढू नये. उलट तिथले गुण मान्य आहेत असं एका वाक्यात लिहिलं तर पत्राचं वजन वाढतं.

मग कागद. कोणता कागद चालतो याची परीक्षा सोपी आहे: तो त्या वर्षीच, त्या कामाच्या ओघात तयार झालेला असावा, आणि शक्य तर अहवाल लिहिणाऱ्याचीच सही त्यावर असावी. बाईंकडे असे तीन होते. एक, वर्षाच्या सुरुवातीचा कामवाटपाचा आदेश. दोन, दरमहा वर जाणारी प्रलंबित प्रकरणांची विवरणपत्रं, ज्यावर त्याच शाखाधिकाऱ्यांची सही होती. तीन, एक सहकारी दीर्घ रजेवर गेल्यावर ३ ऑगस्ट ते १८ ऑक्टोबर या काळात तिचं टेबलही बाईंकडे दिल्याचा आदेश. आता कुणाकडून लिहून घेतलेलं ‘यांचं काम उत्तम आहे’ असं प्रशस्तिपत्र यांच्यापुढे फिकं पडतं.

जोडू नयेत असेही कागद असतात. सहकाऱ्याचा अहवाल कुठून तरी मिळाला असेल तर तो जोडणं म्हणजे स्वतःवर नवा प्रश्न ओढवून घेणं. निवृत्त कर्मचाऱ्याचा बँक खातेक्रमांक किंवा आजाराचा तपशील दिसणारी पानंही नकोत. फाइलवरची टिपणी गुपचूप झेरॉक्स करून लावण्यापेक्षा फाइलचा क्रमांक आणि तारीख द्यावी. तपासणाऱ्याला ती फाइल मागवता येते.

पत्राचा गाभा साधारण असा होतो:

‘महोदय, माझा २०२३-२४ या वर्षाचा अहवाल मला ४ सप्टेंबर २०२४ रोजी मिळाला. भाग एकमधील बाब पहिली व बाब चौथी यांचे गुण आणि “प्रकरणे वेळेत निकाली काढत नाहीत” ही नोंद, एवढ्यापुरताच पुनर्विचार व्हावा अशी विनंती आहे. इतर भागांतील मूल्यांकनाबद्दल माझे काही म्हणणे नाही.

१. वर्षाच्या सुरुवातीला माझ्याकडे ३८ प्रकरणे प्रलंबित होती. वर्षभरात २१२ नवी आली. २३१ निकाली निघाली व ३१ मार्च रोजी १९ शिल्लक राहिली (मासिक विवरणपत्रे, जोडपत्र अ). शिल्लक १९पैकी ११ प्रकरणे सेवापुस्तकाच्या पडताळणीसाठी अन्य कार्यालयाकडे होती.

२. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात १४ प्रकरणांना विहित मुदतीपेक्षा जास्त वेळ लागला, हे खरे आहे. याच काळात दुसऱ्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे होता (आदेश, जोडपत्र ब). याचा उल्लेख माझ्या स्वमूल्यमापनात आहे, मात्र बाब चौथीचे गुण देताना तो विचारात घेतल्याचे अहवालावरून दिसत नाही.’

दुसरा मुद्दा पुन्हा वाचावा. चौदा प्रकरणांना उशीर झाला हे बाईंनी स्वतःहून सांगितलं. ते लपवलं असतं तर शाखाधिकाऱ्यांच्या अभिप्रायात पहिलं वाक्य तेच आलं असतं आणि मग आकडे कितीही खरे असोत, पत्राकडे संशयाने पाहिलं गेलं असतं. उशीर कधी झाला, किती झाला आणि त्या काळात आणखी काय अंगावर होतं, हे एकाच परिच्छेदात आलं की ‘वेळेत काढत नाहीत’ या सरसकट नोंदीची व्याप्ती आपोआप अडीच महिन्यांवर येते.

‘याचा उल्लेख माझ्या स्वमूल्यमापनात आहे’ हे छोटं वाक्यही मोलाचं आहे. स्वमूल्यमापन १५ एप्रिलपर्यंत द्यायचं असतं आणि बरेच जण ते शेवटच्या दिवशी मागच्या वर्षीचं पाहून भरतात. जे काम तिथे लिहिलंच नाही ते सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा सांगितलं, तर ‘आधी का नाही सांगितलंत?’ हा प्रश्न येणारच. जादा कार्यभाराचा आदेश हाती पडला त्याच दिवशी त्याची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणाऱ्याला ही अडचण येत नाही.

मुद्द्यांना क्रमांक देण्यामागे केवळ टापटीप नाही. निवेदनावरचा निर्णय कारणांसह असायला हवा. कार्मिक विभागाच्या १३ एप्रिल २०१०च्या आदेशातही अशा निर्णयाकडे अर्धन्यायिक काम म्हणून पाहिलं आहे. चार पानं सलग मजकूर दिला तर ‘निवेदनाचा विचार केला, बदलाची गरज नाही’ असं एका ओळीत उत्तर देणं सोपं जातं. दोन क्रमांकित मुद्दे, प्रत्येकापुढे जोडपत्र, अशी मांडणी असली की उत्तर देणाऱ्यालाही मुद्दा एक आणि मुद्दा दोन यांवर काहीतरी लिहावंच लागतं. नाही लिहिलं तर ती उणीव पुढे उपयोगी पडते.

एखाद्या अहवालात मुळातच नियमाची चूक असते. उदाहरणार्थ, अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने त्या वर्षात किमान तीन महिने तरी तुमचं काम पाहिलेलं असावं लागतं. साहेब जानेवारीच्या शेवटी रुजू झाले आणि मार्चअखेरच्या अहवालावर त्यांचीच सही असेल, तर तो मुद्दा सगळ्यात आधी, दोन तारखा देऊन, एका वाक्यात लिहावा.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे नमुने, श्रेणी आणि मुदती राज्याच्या शासन निर्णयांप्रमाणे असतात, त्यामुळे वरचे आकडे जसेच्या तसे तिथे लावू नयेत. खासगी कंपनीत असा कायदेशीर हक्क सहसा नसतो, कंपनीचं धोरण असतं. तिथे आणखी एक पेच असतो: ठरावीक टक्क्यांनाच वरची श्रेणी द्यायची अशी मर्यादा असली, तर पुरावा पटूनही मॅनेजरचे हात बांधलेले असतात. तरीही कोणत्या उद्दिष्टाचं मोजमाप चुकलं हे पत्रात नेमकं नोंदवलेलं असलं, की पुढच्या वर्षीची उद्दिष्टं ठरवताना ते समोर ठेवता येतं.

निवेदन फेटाळलं गेलं, तर केंद्रीय कर्मचाऱ्याला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आणि त्यासाठी साधारणपणे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. न्यायाधिकरण सहसा स्वतः गुण देत नाही. अहवाल कळवला होता का, म्हणणं ऐकलं का, कारणं दिली का, हे ते पाहतं आणि काही चुकलं असेल तर प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवतं. तिथे सुरुवातीलाच दोन तारखा विचारल्या जातात: अहवाल कधी मिळाला आणि निवेदन कधी दिलं. स्पॅरोवर ऑनलाइन दिलं असेल तर पोचपावतीचा स्क्रीनशॉट, कागदावर दिलं असेल तर आवक शाखेचा शिक्का आणि क्रमांक असलेली स्वतःची प्रत, यांपैकी जे असेल ते त्याच दिवशी घरी न्यावं.