बंदीच्या 61 दिवसांतला मासळीबाजार

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. वल्ह्या-शिडाच्या बिगरयांत्रिक होड्या या बंदीतून वगळल्या आहेत. पण त्या खाडीच्या तोंडापाशी आणि किनाऱ्यालगतच फिरतात, तेही समुद्र शांत असेल तरच. सुरमई, पापलेट, हलवा हा बाजाराचा मुख्य माल ट्रॉलर आणि मोठ्या जाळ्यांच्या नौका आणतात, आणि त्या नौका या काळात बंदरात शाकारून ठेवलेल्या असतात.

बंदीची वेळ माशांच्या विणीवरून ठरलेली आहे. पावसाळ्यात नद्यांचे पाणी समुद्रात गाळ आणि पोषक द्रव्ये ओतते, सूक्ष्म वनस्पती आणि प्राणी वाढतात, आणि अंड्यातून निघालेल्या पिलांना खाद्य मिळते. बांगडा आणि तारली यांची वीण मुख्यतः याच सुमारास होते. या दिवसांत मिळालेल्या माशाच्या पोटात गाबोळी भरलेली असते. खवय्याला ती हवीहवीशी वाटते. पण अशी एक मादी जाळ्यात गेली की तिच्यासोबत हजारो अंडी जातात. अर्थात सगळ्याच जातींची वीण या दोन महिन्यांत बसत नाही, त्यामुळे बंदी हा काही पूर्ण इलाज नव्हे. वादळी समुद्रात खलाशांचे जीव वाचतात, हा तिचा दुसरा हेतू.

भाव का चढतात हे कळायला पंचांग आणि बंदीचे वेळापत्रक शेजारी ठेवावे. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते. म्हणजे 1 ते 14 जून या पंधरवड्यात देशाचे दोन्ही किनारे एकाच वेळी बंद असतात. तेव्हा मुंबई-पुण्यात दिसणारी सुरमई बहुतेक मे महिन्यात पकडून उणे 18 अंशांच्या शीतगृहात ठेवलेली, नाहीतर परदेशातून आलेली असते. 14 जूननंतर आंध्र आणि तमिळनाडूच्या बंदरांतला माल बर्फाच्या पेट्यांतून ट्रकने येऊ लागतो. ताजी मासळी पुन्हा दिसते, पण तिच्या भावात शेकडो किलोमीटरची वाहतूक, बर्फ आणि वाटेतली नासाडी धरलेली असते. त्यातच आषाढात श्रावणाआधी मनसोक्त खाऊन घेण्याची घाई असते. 2025 मध्ये श्रावण 25 जुलैला लागला. बंदीचे शेवटचे दिवस उरले असताना गिऱ्हाईक आपोआप घटले. त्याच्या आधीचे आठवडे मात्र सर्वांत टंचाईचे आणि मागणीचेही होते.

गोठवलेला माल वाईट असतोच असे नाही. फसगत होते ती गोठवलेला मासा वितळवून, बर्फावर मांडून, ताजा म्हणून विकला जातो तेव्हा. अशा सुरमईच्या तुकड्यांना कडेने पांढरट कोरडेपणा येतो, मांस बोटाखाली दबून तसेच राहते आणि ताटात पाणी सुटते. पापलेटच्या कल्ल्यापाशी दाबल्यावर पांढरट पाणी आले तर मासा चांगला, लालसर आले तर शिळा, ही कोळणींच्या बाजारातली जुनी पारख आहे.

उरलेली जागा गोड्या पाण्यातले आणि खाडीतले मासे भरतात. आंध्रातल्या तळ्यांत वाढवलेले रोहू आणि कटला, धरणातली चिलापी आणि शेततळ्यातली व्हेनामी कोळंबी यांचा पुरवठा बंदीमुळे थांबत नाही. खाडीतून बोय, शिंगाळा, कधी जिताडा येतो; शिवाय खेकडे, तिसऱ्या आणि कालवे. कोकणातल्या गावांत पहिल्या मोठ्या पावसाबरोबर वळगणीचे मासे चढतात. नदीतले मासे उलट्या प्रवाहाने ओहोळात आणि भातखाचरात अंडी घालायला येतात आणि बांधाच्या तोंडाशी पागात सापडतात. समुद्रात विणीसाठी बंदी आणि खाचरात विणीलाच निघालेल्या माशाची मेजवानी, ही विसंगती फारशी कुणाला खटकत नाही.

पावसाळ्याची खरी बेगमी मात्र उन्हाळ्यातच झालेली असते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांच्या जोड्या बांबूच्या वलांडीवर टांगतात आणि उन्हावाऱ्यात कडक वाळवतात. जवळा, सुकट, सोडे आणि खारवलेला बांगडा कोरड्या डब्यांत भरला जातो. हा माल हवेतला ओलावा पटकन धरतो. पावसात उघडा राहिलेला बोंबील मऊ पडून बुरशी धरतो, म्हणून घेताना तो मोडून पाहतात: कट्कन मोडला तर चांगला वाळलेला.

1 ऑगस्टला बंदी उठली तरी भाव त्या दिवशी उतरत नाहीत. मोठ्या नौका काही दिवस समुद्रात राहून परततात, हवामान बिघडले तर निघतच नाहीत, आणि अनेक कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाल्याशिवाय जाळे टाकत नाहीत. पहिल्या खेपा लिलावात उतरू लागल्या की मग भाव हळूहळू खाली येऊ लागतो, आणि तोवर श्रावण पाळणारी घरे गिऱ्हाइकांत नसतात.