चुन्याच्या रेघा

सकाळी ६

कर्जतहून खोपोलीकडे जाणारी लोकल या वेळी निम्मी रिकामी असते. पळसदरी मागे पडलं की रुळांच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं सुरू होतात. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आहे. भात पिवळं झालंय आणि एकदोन ठिकाणी विळे चालू झालेले खिडकीतूनही दिसतात. एरवी हे बघून बरं वाटतं, आज मात्र पोटात गोळा येतो. केळवलीला उतरून मी ज्यांच्याकडे जाणार आहे, त्या काकांचंही भात कापणीला आलंय आणि त्यांच्या मांडीच्या हाडात अजून सळई आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चिखलणी करताना पॉवर टिलर बांधावरून उलटला तो थेट त्यांच्या उजव्या मांडीवर. हाड मधोमध मोडलं आणि आतल्या बाजूचा एक तिकोनी तुकडा सुटा झाला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. खुब्याजवळून हाडाच्या पोकळीत लांब सळई घातली आणि ती फिरू नये, सरकू नये म्हणून वर-खाली स्क्रू बसवले. त्याला आज सतरा आठवडे झाले.

सकाळी ७

काका पडवीत भिंतीला टेकून बसलेले असतात. समोरच्या शहाबादी फरशीवर चुन्याच्या रेघा आहेत, काही ठळक, काही पुसट. त्या रेघा हीच आमची वही.

मी पहिल्यांदा या घरात आले तेव्हा ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. दवाखान्यातून घरी सोडताना कुणीतरी ‘पाय हलवू नका’ असं सांगितलं होतं. सांगणाऱ्याच्या मनात ‘पायावर भार देऊ नका’ असणार. पण काकींनी शब्द जसा ऐकला तसा पाळला. दोन्ही बाजूंना उशा लावून पाय सहा आठवडे सरळ ठेवला. मी गुडघा वाकवून बघितला तर तो ३५ अंशांवर अडला. मोडलेलं हाड जागेवर होतं, जखम कोरडी होती, पोटरी मऊ होती आणि तिथे सूजही नव्हती. म्हणजे रक्ताची गुठळी झाल्याचं लक्षण दिसत नव्हतं. अडला होता तो एकटा गुडघा.

हे का होतं, ते मी काकांना त्यांच्याच मांडीवर हात ठेवून दाखवलं होतं. मांडीच्या पुढचा जाड स्नायू हाडावरून खाली उतरतो आणि वाटीला धरून गुडघा सरळ करतो. गुडघा वाकताना हा स्नायू हाडावरून सरकावा लागतो. हाड मोडलं की त्या जागी रक्त साकळतं, त्यातूनच नवं हाड धरतं आणि वरचा स्नायू त्याला चिकटत जातो. पाय हलत राहिला तर स्नायूची वाट मोकळी राहते. सहा आठवडे निपचित ठेवला, तर गुडघ्याला काहीही झालेलं नसताना गुडघाच अडतो.

त्या दिवसापासूनचा व्यायाम असा. टाचेखाली युरियाच्या पोत्याचा तुकडा ठेवायचा, म्हणजे फरशीवर टाच सरकते. तळपायाभोवती पंचा अडकवून दोन्ही हातांनी ओढायचा आणि टाच आपल्याकडे आणायची. ताण लागला की थांबायचं, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून चार वेळा. टाच जिथवर पोचली तिथे दर रविवारी रेघ मारायची.

चुना वापरायची कल्पना काकांची. पहिल्याच दिवशी मी तंबाखू बंद करायला सांगितली होती. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि हाड जुळायला तर तिथे रक्त पोचायला हवं. काका बराच वेळ गप्प होते. मग बंडीच्या खिशातून डबी काढून त्यांनी तंबाखू काकींच्या हातात दिली आणि चुना स्वतःकडे ठेवला. “ह्यो तरी कामाला येईल,” म्हणाले. तेव्हापासून बोटाला चुना लावून रेघ मारतात.

आठव्या आठवड्यातली रेघ ६० अंशांची आहे. तिच्या पुढची रेघ पुढे नाही, मागे आहे. ती बघितली की अजून माझ्या जिवाची तगमग होते. शेजारच्या गावातून कुणीतरी आलं, गरम तेल चोळलं आणि दोघांनी धरून गुडघा एका झटक्यात वाकवला. त्या रात्री गुडघा नारळाएवढा सुजला. मी गेले तेव्हा हात लावला तरी गरम लागत होता आणि वाक ४५वर आला होता. जोर करून चिकटलेला स्नायू सुटत नाही, फाटतो. त्यात पुन्हा रक्त साकळतं, आणि कधीकधी त्या स्नायूतच हाड धरायला लागतं. नशिबाने तसं झालं नाही. पण दोन आठवडे हातचे गेले, कारण सूज उतरेपर्यंत थंड पाण्याच्या घड्या आणि अगदी हलकी हालचाल, एवढंच करता आलं.

आज काका पंचा ओढतात. टाच शेवटच्या रेघेजवळ येते, थबकते आणि दोन बोटं पुढे जाते. मी कोनमापक लावते. १०४.

“म्हंजे बसता येल का?”

‘बसणं’ म्हणजे त्यांच्या लेखी उकिडवं बसणं. खुर्चीवरून नीट उठायला गुडघा शंभरेक अंश वाकला की भागतं. जिने चढायला त्याहून थोडा कमीही चालतो. पण उकिडवं बसायला १३० किंवा त्याहून जास्त वाक लागतो आणि वर अख्ख्या अंगाचा भार त्या वाकलेल्या गुडघ्यावर येतो. विळा घेऊन भात कापायचं, आवण खणायचं, बाहेर जाऊन बसायचं, सगळं त्यातच येतं. शहरातल्या माणसाला १०४ अंश म्हणजे जवळजवळ बरं झाल्यासारखं वाटेल. काकांसाठी ही निम्मी वाट आहे आणि उरलेले २५-३० अंश सगळ्यांत चिवट असतात.

“या सुगीला नाही, काका,” मी सांगते.

ते खाचराकडे बघतात, बोलत काही नाहीत.

सकाळी ७.४५

आता काटे. मी पिशवीतून वजनाचे दोन काटे आणलेत. शेजारी शेजारी ठेवून एकेकावर एकेक पाय ठेवायचा आणि समोर बघून सरळ उभं राहायचं. काकांचं वजन ५८ किलो. नवव्या आठवड्यात उजवा काटा १८च्या पुढे जातच नव्हता. आज डावीकडे ३१, उजवीकडे २७.

“मी तर सारखाच उभा हाय,” काका म्हणतात. त्यांना मनापासून तसंच वाटतं. दुखऱ्या पायाला शरीर आपोआप सांभाळून घेतं आणि माणसाला ते कळत नाही. म्हणून काटा. काका खाली बघून उजव्या पायावर भार सारतात. २८. २९. तिथे थांबवून मी विचारते, “मोडलं होतं तिथे आत दुखतंय का?” मांडीत एकाच जागी, भार दिला की नेमकं दुखणं हे वाईट लक्षण. हाड अजून हलतंय असा त्याचा अर्थ असू शकतो. काका हात खुब्यावर ठेवतात. “हितं. खाली नाय.”

खुब्याचं दुखणं मला अपेक्षित होतं. सळई घालायला वाट केली ती खुब्याच्या बाजूच्या स्नायूतून. एका पायावर उभं असताना कंबर समतोल ठेवण्याचं काम या स्नायूचं. तो दुबळा असला की पाऊल टाकताना माणूस त्या बाजूला झुकतो. हाड मोडलंय मांडीत आणि लंगडणं दिसतं कंबरेत, ते यामुळे. त्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा व्यायाम गेला महिनाभर चाललाय.

काठी हातात दिली की काका ती उजव्या हातातच घेतात. सगळेच घेतात, दुखरा पाय उजवा म्हणून. मी ती डाव्या हातात देते. उजवं पाऊल आणि डाव्या हातातली काठी बरोबर पुढे पडली, तर त्या दुबळ्या स्नायूवरचं ओझं काठी वाटून घेते. उजव्याच हातात धरली तर माणूस आणखी उजवीकडेच कलतो. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या होतात. तिसऱ्या फेरीला पावलं जुळतात. पण वॉकर आजच सोडायचा की नाही, ते एक्स-रे बघून ठरवायचं.

सकाळी १०

खोपोलीतली माझी खोली. आखडलेला खांदा, कंबरदुखी, अर्धांगवायूनंतर बोटं हलवायला शिकणाऱ्या एक आजी. हात चालू असतात, पण मनात पडवीतला १०४ फिरतोय. सहाव्या आठवड्याऐवजी पहिल्या आठवड्यात मला कुणी बोलावलं असतं, तर हा आकडा आज किती असता? त्याचं नक्की उत्तर देता येत नाही. पण ३५पासून सुरुवात करावी लागली नसती, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

दुपारी १२.३०

मुलगा काकांना रिक्षातून सर्जनकडे घेऊन आलाय, मीही पोचलेय. सर्जन एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावतात. एक समोरून, एक बाजूने. या दोन चित्रांत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. मोडलेल्या जागेवरून नवं हाड पुलासारखं पलीकडे गेलंय का, ते प्रत्येक कडेवर बघायचं. चारपैकी तीन कडांवर तसा पूल झाला की हाड भार पेलायला लागलं असं धरतात.

बाहेरची कड जुळलीय. पुढची, मागचीही. आतल्या कडेला, जिथे तो तिकोनी तुकडा सुटला होता, अजून काळी फट आहे. स्क्रू शाबूत आहेत. काका चित्रातल्या सळईकडेच बघत राहतात. आपल्या आत एवढी लांब वस्तू आहे, हे त्यांनी आधीही बघितलं होतं, पण तेव्हा ते गुंगीत होते.

ठरतं ते असं. वॉकर बंद, काठी चालू, दुखणार नाही इतका भार पायावर द्यायचा. दोन महिने डोक्यावर भारा नाही, चिखलात पाय नाही, घसरेल अशी जागा नाही. फट भरली नाही तर पुढचं बघायचं. गुडघ्याचा सराव चालूच.

“आन भात?” काका विचारतात. सर्जन माझ्याकडे बघतात.

दुपारी ४

परतीच्या वाटेवर मी पुन्हा केळवलीला उतरले. आज इथे यायचं ठरलं नव्हतं. पण ‘नको’ म्हणून सांगून आलं की माणूस आपल्या मागे काय करतो, हे मी एकदोनदा बघितलंय. खाचरात जायचंच असेल तर माझ्यासमोर गेलेलं बरं.

काकी आणि मुलगा कापणीला वाकलेत. पाणी कधीच उतरलंय, जमीन कोरडी आहे, पण कापलेल्या भाताचे खुंट पायाखाली टोचतात आणि पाऊल वेडंवाकडं पडतं. आम्ही घरातलं उंच स्टूल आणून बांधावर ठेवलं. काकांचं काम ठरलं: स्टुलावर बसून काकींनी आणून दिलेल्या कवळ्यांचे भारे बांधायचे. दर अर्ध्या तासाने उठायचं, दहा पावलं चालायचं, गुडघा दहा वेळा वाकवायचा. नाहीतर बसून बसून तो पुन्हा धरेल.

पहिला भारा बांधायला त्यांना बराच वेळ लागला. हात विसरले नव्हते, पण उजवा पाय कुठे ठेवायचा ते सापडत नव्हतं. दुसऱ्याला तो त्यांनी सरळ पुढे सोडला. तिसऱ्याला स्वतःच मागे ओढून वाकवला.

संध्याकाळी ५.३०

ऊन उतरलं. मुलगा हात द्यायला आला, काकांनी मानेनेच नको म्हटलं. बांध घराच्या बाजूला वीतभर उंच आहे. पडवीच्या पायरीवर मी त्यांच्याकडून कितीदा घोटवून घेतलं होतं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

काका बांधाच्या कडेला थांबले. डावा पाय उचलला गेला होता, तो त्यांनी परत खाली ठेवला. डाव्या हातातली काठी खालच्या मातीत टेकवली, जरा दाबून बघितली. मग उजवा पाय खाली ठेवला.