जिराफाला चक्कर का येत नाही?

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक आपल्या नातवाला बरोबर घेऊन दवाखान्यात आले. कपाळावर तीन टाके होते. पहाटे लघवीला उठले, पलंगावरून सरळ उभे राहिले, दोन पावले टाकली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा डोके मोरीच्या उंबरठ्यावर होते. त्यांना मी पाच मिनिटे आडवे निजवून रक्तदाब पाहिला, तो १५०/९० भरला. मग उभे करून एका मिनिटाने पुन्हा पाहिला, तर ११८/७६. वरचा आकडा एका मिनिटात ३२ ने उतरला होता! उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरला, तर आम्ही डॉक्टर लोक तो आजार धरतो.

आजोबांना हे समजावून सांगत असताना नातवाने मध्येच तोंड घातले. त्याने टीव्हीवर जिराफाला तळ्यावर पाणी पिताना पाहिले होते. "आजोबा नुसते पलंगावरून उठले तर पडले. जिराफ तर मान पार खालून एकदम उंच नेतो. मग तो का नाही पडत?" प्रश्न इतका नेमका होता की त्याचे उत्तर या सदरातूनच द्यावे असे ठरवले.

आधी थोडा हिशेब पाहू. रक्तदाब आपण पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो. पारा रक्ताच्या सुमारे तेरापट जड. म्हणून एक मीटर उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचे वजन पाऱ्याच्या साधारण ७८ मिलिमीटरइतके होते. उभ्या माणसाचा मेंदू हृदयापासून फार तर वीतदीडवीत उंच असतो. तेवढ्या चढावर पंचवीसएक मिलिमीटर दाब खर्ची पडतो. आपल्या हृदयाजवळ सरासरी दाब ९० ते ९५ असतो, त्यामुळे मेंदूला पुरेसा उरतो. पूर्ण वाढलेल्या जिराफाचा मेंदू मात्र हृदयापासून सुमारे दोन मीटर उंच. नुसता चढ चढायलाच दीडशेच्या वर दाब हवा. म्हणून त्याच्या हृदयाजवळचा सरासरी दाब दोनशेच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतो. माणसाचा असा दाब असता तर त्याला त्याच क्षणी रुग्णालयात दाखल केले असते. जिराफाला मात्र तो जन्मभर बाळगायचा असतो, आणि त्यासाठी त्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत चांगली जाड झालेली असते.

आता हा प्राणी पाणी प्यायला वाकतो. जो मेंदू दोन मीटर वर होता तो हृदयाच्या खाली येतो. चढ संपतो आणि उतार सुरू होतो. मुळातच दोनशेचा दाब, त्यात उताराची भर. मेंदूतल्या नाजूक वाहिन्या फुटायला हव्यात. आणि पाणी पिऊन झाल्यावर, किंवा सिंहाची चाहूल लागल्यावर, तो झटक्यात मान वर नेतो तेव्हा नेमके उलटे व्हायला हवे : रक्त मेंदूतून खाली ओसरावे आणि जिराफ धाडकन कोसळावा. पण दोन्ही गोष्टी घडत नाहीत.

याचा शोध घेणाऱ्यांत रॉबर्ट गोएट्झ हे एक मोठे नाव. १९५० च्या दशकात त्यांनी दक्षिण आफ्रिकेत जिराफांचा रक्तदाब प्रत्यक्ष मोजला. (हेच गोएट्झ पुढे न्यूयॉर्कला गेले आणि १९६० साली त्यांनी माणसाच्या हृदयावर बायपासची शस्त्रक्रिया केली. अशा पहिल्यावहिल्या शस्त्रक्रियांत तिची गणना होते.) त्या काळापासून पुस्तकांतून एक उत्तर सांगितले जाते. जिराफाच्या मेंदूच्या तळाशी बारीक रोहिण्यांचे एक जाळे असते. ते स्पंजासारखे जादा रक्त शोषून घेते आणि मान वर झाली की सोडते, असे ते उत्तर. ऐकायला छान आहे. पण असेच जाळे आपल्या गोठ्यातल्या गाईला, शेळीला आणि मेंढीलाही असते, आणि त्यांना काही दोन मीटरची मान नाही. मेंदूकडे जाणारे रक्त थंड करणे हे या जाळ्याचे मुख्य काम मानले जाते. तेव्हा जिराफाच्या कोड्याचे सारे ओझे त्याच्यावर टाकून चालणार नाही.

खरी गोम निघाली ती मानेतल्या नीलेत, म्हणजे डोक्याकडून हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिनीत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डेन्मार्कच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच जिराफांना भूल दिली, त्यांना उभ्या स्थितीत टांगून धरले आणि त्यांची मान खालीवर करत रोहिणी व नीला या दोन्हींतला दाब, प्रवाह आणि जाडी एकाच वेळी मोजली. मान वर असताना हृदयाजवळ सरासरी दाब होता १९३, आणि डोक्याजवळ ११८. फरक ७५ चा, म्हणजे जवळजवळ एक मीटरचा चढ. (पूर्ण वाढलेल्या उंच नरात हा फरक याहून मोठा असणार.) या वेळी मानेतली नीला जवळपास मिटलेली होती. रिकामी पोलिस्टरची पिशवी जशी चपटी होऊन बसते, तशी.

मग त्यांनी मान खाली केली. मेंदूकडे जाणारे रक्त पूर्वीइतकेच येत राहिले, मिनिटाला सुमारे पाऊण लिटर. पण नीलेतून हृदयाकडे परत जाणारा प्रवाह थांबला, कारण आता रक्ताला चढ चढायचा होता. ते रक्त गेले कुठे? ते नीलेतच साठत गेले. मिटलेली नीला फुगली, तिच्या पोकळीचे क्षेत्रफळ वीस पटींहून अधिक वाढले, आणि मानेत सुमारे १.२ लिटर रक्त जमा झाले. शिवाय या नीलेत झडपा असतात, त्यामुळे छातीकडचे रक्त उलटे डोक्याकडे घसरत नाही.

आता यातून पुढे काय होते ते पाहा. विहिरीत पाणी कमी येऊ लागले की पंपही कमी ओढतो. सव्वा लिटर रक्त मानेत अडकल्याने हृदयाकडे परत येणारे रक्त घटले आणि हृदयाने बाहेर टाकलेले रक्त तीस टक्क्यांनी कमी झाले. त्यामुळे हृदयाजवळचा सरासरी दाब १९३ वरून १३१ वर उतरला. म्हणजे मान खाली गेली की दाब आपोआप कमी होतो, कोणी आज्ञा न देता. उताराची भर त्यात पडते हे खरे. पण उताराचा दाब एकट्या रोहिणीत वाढत नाही. शेजारच्या नीलेतल्या साठलेल्या रक्ताचा आणि मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाबही त्याच प्रमाणात वाढतो. वाहिनीच्या आतून रेटा वाढला तसा बाहेरूनही वाढला, मग ती फुटेल कशी? प्रवाहही रोहिणी आणि नीला यांच्या दाबांतल्या फरकावर ठरतो, म्हणून तोही बदलला नाही.

राहिला मान वर नेण्याचा क्षण. आजोबांची कपाळमोक्ष झाली ती नेमकी अशाच क्षणी. हिशेब करून पाहा : मान वर गेली तेव्हा हृदयाजवळ १३१ च दाब राहिला असता, तर त्यातून चढाचे ७५ वजा जाता डोक्याजवळ उरले असते ५६. माणसाच्या मेंदूला साधारण साठच्या खाली रक्त पुरेनासे होते. जिराफाचीही शुद्ध हरपायला एवढे पुरले असते. पण मान वर जाताच नीलेतले ते सव्वा लिटर रक्त आता उंचावर आलेले असते. ते आपल्याच वजनाने सरळ खाली हृदयात उतरते, नीला पुन्हा मिटते, पंपाला भरपूर रक्त मिळते आणि दाब पूर्वपदावर येतो. मेंदूला ज्या क्षणी जोर हवा असतो त्याच क्षणी टाकी हृदयात रिकामी होते.

आजोबांच्या आणि जिराफाच्या शरीरातला फरक इथेच आहे. माणूस उभा राहतो तेव्हा त्याचे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या नीलांत उतरते. म्हणजे आपली टाकी पंपाच्या खाली. तिथून रक्त आपणहून वर येत नाही. मानेतल्या रोहिणीत दाब ओळखणारी एक जागा असते. ती धोका ओळखते, मग मज्जातंतू हृदयाचे ठोके वाढवतात आणि रोहिण्या आवळतात. तरुणात हे काही सेकंदांत उरकते. वय झाले की ही यंत्रणा मंदावते. त्यात आजोबांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या, एक लघवी वाढवणारी, आणि शिवाय प्रोस्टेटसाठी रात्रीची एक गोळी, जी रोहिण्या सैल करते. रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणेही त्यांनी बंद केले होते.

एक गोष्ट नोंदवायला हवी. हे मोजमाप भूल दिलेल्या आणि टांगलेल्या जिराफांवरचे आहे. भुलेखाली रोहिण्या नीट आवळत नाहीत. जागा जिराफ पाणी पिताना पुढचे पाय फाकवतो किंवा गुडघे वाकवतो, त्यामुळे हृदयही थोडे खाली येते आणि उतार कमी होतो. त्याच्या मज्जातंतूंचाही या कामात वाटा असणारच. तेव्हा रानातले आकडे थोडे निराळे असतील. पण फुगणारी आणि रिकामी होणारी नीला तिथेही तीच असते.

मग जिराफाच्या पायांचे काय, असे कोणी विचारील. ते तर हृदयाच्या खाली दोन मीटर, तिथे रक्त का साठत नाही? १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेही मोजले गेले. त्याच्या पायांची कातडी आणि तिच्याखालचे आवरण इतके घट्ट आणि ताठ असते की नीलांना फुगायला जागाच मिळत नाही. पायांवर जणू कायमचा घट्ट मोजा चढवलेला असतो.

आजोबांनाही मी तसे ताणाचे लांब मोजे लिहून दिले. गोळ्या मात्र त्यांनी स्वतःहून बंद केल्या होत्या, त्या पुन्हा सुरू केल्या, कारण निजलेल्या स्थितीतला १५० चा दाब दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. लघवीची गोळी सकाळी हलवली, प्रोस्टेटची गोळी त्यांच्या शल्यचिकित्सकांशी बोलून बदलली, आणि दिवसभरात पाणी वाढवले. पहाटे उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचे, पोटऱ्या आवळायच्या आणि मग उभे राहायचे, हे नातवाने पाठ करून घेतले. तीन आठवड्यांनी निजून १४४/८६ आणि उभे राहून एका मिनिटाने १३२/८० भरले. मोजे मात्र उकाड्यात घालवत नाहीत म्हणून त्यांनी दोनच दिवसांत काढून ठेवले. नातू म्हणाला, "जिराफाला काढता येत नाहीत, म्हणून बरं!"