तळ्यात-मळ्यातून डावं-उजवं

बालवर्गात ताई मुलांसमोर उभ्या राहतात, आपला उजवा हात वर करतात आणि म्हणतात, "हा उजवा हात!" मुलंही उत्साहानं हात वर करतात, पण बहुतेकांचा डावा वर गेलेला असतो. मुलांचं काही चुकलेलं नसतं. ताईंचा हात ज्या बाजूला दिसतो, त्याच बाजूचा हात त्यांनी उचललेला असतो. म्हणून दिशांचा खेळ घेताना पहिली गोष्ट ठरवायची ती ताईंच्या उभं राहण्याची. त्यांनी मुलांकडे पाठ करून, मुलांचं तोंड जिकडे तिकडेच आपलं तोंड ठेवून उभं राहावं. मुलांवर लक्ष ठेवायला मदतनीस ताई समोर असल्या की झालं.

खेळ आपल्याकडे तयारच आहे: तळ्यात-मळ्यात. त्यात थोडा बदल करायचा. खडूनं फरशीवर एक चौकोन आखायचा, मुलाचे दोन्ही पाय मावतील एवढा, साधारण फूटभर. त्याच्या चारही बाजूंना तसाच एकेक चौकोन जोडायचा. मूल मधल्या घरात उभं राहतं, ताई "पुढे" म्हणाल्या की पुढच्या घरात जातं आणि "घरी" म्हणाल्या की परत मध्ये येतं. असे तीन-चार आराखडे काढले, की मुलं आळीपाळीनं खेळतात. दहा मिनिटं पुरेत.

पहिले काही आठवडे फक्त पुढे आणि मागे. या दोन दिशा साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला लवकर समजतात, कारण शरीरच त्या सांगतं. डोळे, नाक, पोट एका बाजूला; पाठ दुसऱ्या बाजूला. तरी इथे एक गंमत हमखास घडते. "मागे" म्हटलं की मूल गर्रकन वळतं आणि मागच्या घरात सरळ चालत जातं. जागा बरोबर सापडली, पण वळल्यावर ते घर त्याच्या पुढे आलं होतं! या वयात मागे उडी मारताना तोलही जातो, म्हणून उडी नको, पाऊल टाकू द्यावं. मदतनीस ताईंनी पाठीवर अलगद हात ठेवून "पाठीकडे पाऊल" म्हटलं, की मूल न वळता मागे सरकतं.

डावं-उजवं याहून कितीतरी अवघड आहे. शरीराच्या या दोन्ही बाजू दिसायला सारख्याच, त्यामुळे खूण बाहेरून द्यावी लागते. सगळ्यांच्या उजव्या मनगटावर लाल लोकरीचा सैल धागा बांधावा. "जेवायचा हात तो उजवा" असं सांगणं टाळलेलं बरं. डावखुरं मूल त्यानं नेमकं उलट शिकतं, आणि वर त्याचा हात बदलायला लावण्याचा मोह मोठ्यांना होतो. धागा कुणाच्याही उजव्या हातावरच राहतो. "उजवीकडे" ऐकलं की मूल आधी मनगटाकडे बघतं, मग त्या बाजूच्या घरात पाऊल टाकतं. ते बघणं होऊ द्यावं, घाई करू नये.

आता खरी परीक्षा. समजा, खेळताना उजवीकडे वर्गाची खिडकी आहे. चार दिवसांत सगळी मुलं बिनचूक उजवीकडे जाऊ लागतात. पाचव्या दिवशी ताईंनी सगळ्यांना, स्वतःसकट, उलट्या तोंडानं उभं करावं आणि पुन्हा "उजवीकडे" म्हणावं. काही मुलं धागा बघून भिंतीच्या बाजूला जातील, काही थेट खिडकीकडे. खिडकीकडे गेलेल्यांनी दिशा शिकलेली नाही, जागा शिकली आहे. मूळ तळ्यात-मळ्यातही जागांचाच खेळ आहे: तळं कुठेही तोंड केलं तरी तिथेच राहतं. म्हणून आपल्या खेळात रोज तोंड बदलायला हवं, एकदा फळ्याकडे, एकदा दाराकडे.

दुसरी फसगत नकलेची. शेजारच्याचं बघून हलणारं मूल किंचित उशिरा निघतं आणि निघताना त्याची नजर शेजाऱ्याच्या पायाकडे असते. अशा मुलाला एकट्याला खेळवून पाहावं. मग त्यालाच ताई करावं. हुकूम ऐकून हलणं जमणारी बरीच मुलं स्वतः हुकूम सोडताना अडखळतात. शब्द ओळखणं आधी येतं, वापरणं नंतर.

धागा काढल्यावर बालवर्गातली बरीच मुलं पुन्हा चुकतील, आणि तसं होणं वयाला धरून आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी 1920 च्या दशकात मुलांना हेच प्रश्न विचारले होते. स्वतःचा डावा-उजवा हात मुलं पाचाव्या वर्षाच्या सुमारास सांगू लागतात आणि समोरच्या माणसाचा उजवा हात ओळखायला आठेक वर्षं उजाडतात, असं त्यांना दिसलं. तेव्हा चार वर्षांच्या मुलाला "माझा उजवा हात कुठला?" असं समोर बसून विचारूच नये. त्याच्या शेजारी, त्याच्याच दिशेनं तोंड करून बसावं आणि त्याचा स्वतःचा हात विचारावा.